स्टीम डेकला फोनचा चार्जर का पुरत नाही, त्यामागची गोष्ट

चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमलो होतो, भाच्याचा स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर, माझ्या फोनच्या ८० वॅटच्या चार्जरला लावलेला, तरी स्क्रीनवर स्लो चार्जरची सूचना आणि गेम चालू असताना बॅटरी उतरतेच आहे. "मामा, ऐंशी वॅट म्हणजे भरपूर ना?" त्याचा प्रश्न बरोबर होता, पण उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

यूएसबी १९९६ मध्ये आलं ते माऊस-कीबोर्ड जोडायला. ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, त्यांना तेवढं खूप होतं. मग लोक त्याच पोर्टवर फोन चार्ज करायला लागले, तेव्हा करंट दीड अँपिअरपर्यंत वाढवला पण व्होल्टेज ५ च राहिलं. २०१० चा पहिला आयपॅड १० वॅटचा चार्जर घेऊन आला, आणि कॉम्प्युटरच्या साध्या पोर्टला लावला की 'Not Charging' दाखवायचा, तेव्हाही लोकांना तो बिघडलाय असंच वाटायचं.

५ व्होल्टवर ४५ वॅट द्यायचे तर ९ अँपिअर लागतील, एवढ्याशा केबल-कनेक्टरमधून ते जाणार नाही. मग व्होल्टेज वाढवायचं, पण कुठल्याही डिव्हाइसवर न विचारता १५ व्होल्ट सोडले तर ते जळेल. म्हणून २०१२ मध्ये पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी आलं आणि पुढे टाइप-सीसोबत पसरलं. यात चार्जर आधी ५ व्होल्टच देतो, केबलमधल्या सीसी नावाच्या वेगळ्या तारेवरून आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, डिव्हाइस त्यातलं एक मागतं आणि चार्जर हो म्हणाला की मगच व्होल्टेज वर जातं.

आता आमचा डेक. त्याला १५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॅट हवेत. माझ्या चार्जरचे ८० वॅट फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी, चार्जर आणि फोन कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात, डेकला ती कळत नाही म्हणून ५ व्होल्ट २ अँपिअरच मिळतात, १० वॅट. वर केबल एका टोकाला जुन्या चौकोनी यूएसबीची, त्या टोकाला सीसी तारच नाही, मग बोलणी कशी होणार? भारी गेम २० वॅट खातो असं धरा, तर बाकीचे १० वॅट बॅटरीतून जातात आणि ४० वॅट-अवरची बॅटरी वायर लावलेली असूनही चार तासांत रिकामी. निन्टेंडो स्विच या गेमिंग कन्सोलचा डॉक, म्हणजे तो टीव्हीला जोडायचा स्टँड, तर याहून कडक, १५ व्होल्ट मिळाले नाहीत तर टीव्हीवर चित्रच देत नाही.

म्हणून चार्जर घेताना डब्याच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोडा, चार्जरच्या पाठीवरचं बारीक वाचा. आउटपुटमध्ये 15V 3A लिहिलंय का बघा, बरेच पीडी चार्जर 9V वरच थांबतात. म्हापशाच्या दुकानात आम्ही तसंच वाचून घेतला, दोन्ही टोकांना टाइप-सीची केबल लावली आणि सूचना गेली.