सुई टोचणं हा ‘मोठा अपघात’ का नाही? दातांच्या दवाखान्यांतील नोंदीची पार्श्वभूमी

जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला ३० जूनपर्यंत द्यायचा असतो आणि त्यात वर्षभरातल्या अपघातांचा एक रकाना असतो. पुण्यातल्या दातांच्या छोट्या क्लिनिकचे जे अहवाल मी पाहिले, त्यांत तिथे शून्यच होतं. असिस्टंटला किंवा मावशींना विचारलं, तर गेल्या वर्षभरात सुई किंवा दात कोरायचा बर टोचल्याची आठवण कोणी ना कोणी सांगतंच. हा फरक निष्काळजीपणातून आला हे खरं आहे, पण नियमातल्या एका शब्दाचाही त्यात वाटा आहे.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या १९९८च्या नियमांत ‘अपघात’ एवढाच शब्द होता. कचरा हाताळताना कोणताही अपघात झाला, की विहित नमुन्यात लगेच कळवायचं. कागदावर हे चोख होतं. पण महिन्याला हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या क्लिनिकला त्या नियमांखाली कचरा हाताळण्याची परवानगी घ्यावी लागत नव्हती. एका खुर्चीवर दिवसाला पंधरा रुग्ण धरले, तरी महिन्याचे चारशे होत नाहीत. म्हणजे कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर इथली बहुतेक क्लिनिक परवानगीच्या बाहेर राहिली. जिथे परवानगी नाही, तिथे तपासणी नाही, आणि जिथे तपासणी नाही, तिथे नोंदवही कशाला? अठरा वर्षं ही सवय मुरत गेली.

२०१६च्या नियमांनी हजार रुग्णांची सूट काढली आणि एका खुर्चीचं क्लिनिकही परवानगीखाली आलं. कर्मचाऱ्यांची रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, तसंच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हे मालकावर बंधनकारक झालं. त्याच नियमांनी अपघाताचे दोन भाग केले. ‘मोठा अपघात’ चोवीस तासांत कळवायचा. त्याच्या व्याख्येत कचऱ्याचा ट्रक उलटणं, कचरा पाण्याच्या साठ्यात जाणं अशा गोष्टी आहेत आणि सुई टोचण्याच्या घटना स्पष्टपणे वगळल्या आहेत. बाकीच्या अपघातांची माहिती वर्षाअखेरच्या अहवालात द्यायची.

वाद इथे सुरू होतो. वगळण्याच्या बाजूचं म्हणणं असं, की प्रत्येक टोचणीचा अर्ज चोवीस तासांत आला तर कार्यालयात ढीग लागेल आणि खरोखर मोठी घटना त्यात बुडेल. ते समजण्यासारखं आहे. पण क्लिनिकमध्ये त्या व्याख्येचा अर्थ ‘सुई टोचली तर कळवायचं नसतं’ असा पोचला. त्यात दातांच्या कामाची आणखी एक गाठ आहे. भूल उतरायला लागली की त्याच रुग्णाला त्याच सुईने पुन्हा भूल द्यावी लागते, म्हणून मधल्या वेळात सुईवर टोपण चढवलं जातं. ते चढवताना टोचलं, तर ती सुई अजून कचरा झालेली नाही. मग तो कचऱ्याच्या नियमाखालचा अपघात म्हणायचा का? मी दोन्ही वाचनं ऐकली आहेत: म्हणायचा, आणि म्हणायचा नाही. मला दुसरं वाचन धोक्याचं वाटतं, कारण त्यात सर्वांत नेहमीची इजाच हिशेबाबाहेर राहते. ट्रेवर ठेवलेलं टोपण एकाच हाताने सुईने उचलून घ्यायची पद्धत याच क्षणासाठी आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे नोंदीशिवाय कळत नाही.

हिपॅटायटिस बीच्या लसीची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. पहिली लस १९८१ साली रक्तद्रवापासून बनली आणि एड्सच्या भीतीच्या काळात लोक तिला बिचकले. १९८६मध्ये यीस्टपासून बनलेली लस आली. भारतात १९९७मध्ये हैदराबादला देशी लस तयार झाल्यावर ती क्लिनिकच्या आवाक्यात आली. बालकांच्या सरकारी लसीकरणात देशभर ती २०११च्या सुमारास पोचली. आज कामाला लागलेली वीस-बावीस वर्षांची असिस्टंट त्याआधी जन्मलेली आहे, त्यामुळे तिला ती लहानपणी मिळाली असेल हे गृहीत धरता येत नाही. तरीही टोचलं की क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न एचआयव्हीचा निघतो. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याचं प्रमाण हजारात सुमारे तीन आहे. हिपॅटायटिस बीचं, लस न घेतलेल्या माणसात, शंभरात सहा ते तीस.

कोथरूडमधल्या दोन खुर्च्यांच्या एका क्लिनिकमधली शनिवार संध्याकाळ घ्या. खालची दाढ काढून झाली होती आणि बावीस वर्षांची असिस्टंट ट्रे आवरत होती. गॉझखाली टोपण नसलेली सुई राहिली होती, ती ग्लोव्हमधून डाव्या तर्जनीत गेली. तिने बोट दाबून रक्त काढलं आणि स्पिरिट लावलं. दोन्ही करायला नको होतं. बोट तोंडात न घालता, न दाबता, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, एवढंच. डॉक्टरांनी ते करून घेतलं आणि वेळ लिहून ठेवली: ७ वाजून ४० मिनिटं.

रुग्ण अजून बाहेर औषधं समजून घेत होते. त्यांना नीट सांगून, लेखी संमती घेऊन, तिघंही लॅबमध्ये गेले. रुग्ण घरी गेल्यावर फोन केला असता, तर हे इतकं सोपं झालं नसतं. रुग्णाचा एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा अहवाल निगेटिव्ह आला. एचआयव्हीचा पॉझिटिव्ह असता, किंवा कळायला वेळ लागणार असता, तर २८ दिवसांच्या औषधाचा पहिला डोस शक्य तो दोन तासांत घ्यावा लागला असता. ७२ तासांनंतर ते सुरू करत नाहीत. हिपॅटायटिस बीची लागण दाखवणारा एचबीएसएजी मात्र पॉझिटिव्ह होता.

असिस्टंटच्या लसीच्या कार्डावर दोन तारखा होत्या. तिसरा डोस सहा महिन्यांनी घ्यायचा होता, मधे तिने क्लिनिक बदललं आणि तो राहिला. दोन डोस झालेत म्हणजे संरक्षण आहे असं धरून चालता येत नाही. तिचं रक्त आधी घेतलं गेलं, कारण इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दिल्यावर बाहेरून आलेली प्रतिपिंडं टायटरमध्ये, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मोजणीत, दिसतात आणि शरीराने स्वतः किती केली ते कळत नाही. रविवारी सकाळी एका खांद्यात लस आणि दुसरीकडे वजनाप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन दिलं, म्हणजे २४ तासांच्या आत. ते मिळवायला तीन मेडिकल दुकानांत फोन करावे लागले. मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागली नाही, राहिलेला डोस पुरा केला. सहा महिन्यांनी एचबीएसएजी निगेटिव्ह होता आणि टायटर दहाच्या बऱ्याच वर होता. दहा किंवा त्याहून जास्त आला की पुढच्या टोचणीला या विषाणूसाठी काही करावं लागत नाही, दर पाच वर्षांनी बूस्टरही लागत नाही. तिसरा डोस वेळेवर घेऊन, त्यानंतर एक-दोन महिन्यांत हा टायटर करून कार्डावर लिहून ठेवला असता, तर त्या शनिवारी इम्युनोग्लोब्युलिनसाठी धावपळच झाली नसती.

त्या क्लिनिकच्या पुढच्या वार्षिक अहवालात अपघातांच्या रकान्यात ‘एक’ आहे. शेजारी उपाययोजनेत लिहिलं आहे: सुई ट्रेवर न ठेवता भूल देणाऱ्यानेच पांढऱ्या डब्यात टाकायची.