कॉलममधलं 'दोन टक्के' लोखंड म्हणजे किती किलो?

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे बंगला बांधायला काढलेल्या एका गृहस्थांनी ठेकेदाराचं अंदाजपत्रक माझ्यापुढे टाकलं. 'कॉलम – स्टील 2 टक्के' असं लिहून पुढे दर घनमीटरला 157 किलो धरले होते. गृहस्थांचा हिशेब सरळ होता. घनमीटरभर काँक्रीट साधारण 2400 किलो भरतं, त्याचे दोन टक्के 48 किलो होतात. मग ही तिपटीहून जास्त सळई कुणाच्या घरी चालली आहे?

कुणाच्याही नाही. हा टक्का वजनाचा नसून आकारमानाचा आहे. काँक्रीटने व्यापलेल्या जागेपैकी दोन टक्के जागा लोखंडाची, एवढाच त्याचा अर्थ. एक घनमीटर लोखंड 7850 किलो भरतं, म्हणून एक टक्का म्हणजे 78.5 किलो आणि दोन टक्के म्हणजे 157. काँक्रीटचं वजन या हिशेबात येतच नाही.

पण ठेकेदाराने दोनच टक्के का धरले? खरी गंमत इथे आहे. आरसीसी डिझायनर टक्के काढतो ते कॉलमच्या छेदावर: आडवा कापला तर उभ्या सळयांची तोंडं किती क्षेत्रफळ व्यापतात, ते. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस 456, त्यानुसार हे प्रमाण किमान 0.8 टक्के लागतं. काँक्रीट कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं किंचित आखडत राहतं आणि आपल्या वाट्याचा भार हळूहळू सळयांवर ढकलतं. सळई फारच कमी असेल, तर त्या ढकललेल्या भारानेच ती कायमची दबू शकते. वरची मर्यादा 6 टक्के असली तरी व्यवहारात 4 च्या पुढे जाऊ नये म्हणतात, कारण जोडाच्या जागी खालची आणि वरची सळई शेजारी शेजारी येऊन लोखंड दुप्पट होतं आणि काँक्रीटला आत शिरायला वाट उरत नाही.

आता एक कॉलम घेऊ. छेद 300 बाय 450 मिलिमीटर, उंची 3 मीटर, आत 16 मिलिमीटरच्या 8 सळया. काँक्रीट 0.405 घनमीटर. एका सळईच्या तोंडाचं क्षेत्रफळ 201 चौरस मिलिमीटर, आठांचं 1608, छेद 1,35,000. म्हणजे प्रमाण 1.19 टक्के. कॉलम खालपासून वरपर्यंत सारख्याच जाडीचा असल्याने क्षेत्रफळाचा टक्का तोच आकारमानाचाही टक्का. त्यावरून लोखंड येतं 38 किलो.

साइटवर मात्र एवढ्यात भागत नाही. जोडासाठी प्रत्येक सळई व्यासाच्या पन्नास पट, म्हणजे 80 सेंटिमीटर जास्त धरली, की आठ सळयांचे आणखी 10 किलो झाले. मग रिंगा. भार आला की काँक्रीट बाजूंना फुगू पाहतं आणि उभ्या सळया बाहेर वाकू पाहतात. दोन्हींना आवळून धरते ती रिंग. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरलं जातं, त्यामुळे इथे आयएस 13920 या भूकंपासाठीच्या मानकाचे नियम पाळायचे. त्यानुसार या कॉलमच्या वरच्या-खालच्या अर्ध्या मीटरमध्ये रिंगा 75 मिलिमीटरवर येतात आणि मधल्या भागात 150 वर. साधारण 28 रिंगा होतात. 8 मिलिमीटरची एक रिंग आणि तिच्यासोबतचा आडवा हूक मिळून 670 ग्रॅम, म्हणजे एकूण 19 किलो.

बेरीज 67 किलो. घनमीटरला 165, म्हणजे 2.1 टक्के. नकाशातले 1.19 टक्के आणि ठेकेदाराचे दोन टक्के, दोन्ही खरे! तफावत जोड आणि रिंगांची. (सळईच्या जाहिरातीत घर भूकंपाला दाद देत नाही. पण रिंगेचं टोक 135 अंशांत आत वळवण्याऐवजी 90 वरच सोडलं, तर हादऱ्यात रिंग उघडते आणि ती महागडी सळई बाहेर वाकते. ते जाहिरातीत नसतं.)

हा ठोकताळा फसतो तो मजले वाढल्यावर. शटरिंग पुन्हा वापरता यावं म्हणून कॉलमचा आकार बरेचदा वरपर्यंत तोच ठेवतात आणि भार कमी होत जाईल तशी सळई उतरवतात. सहा-सात मजली इमारतीत तळाला उभ्या सळयाच 3 टक्के आणि माथ्यावर जेमतेम 1 टक्का, असं घडू शकतं. तिथे सगळीकडे सरसकट 2 टक्के धरले, तर तळाचे कॉलम बांधतानाच माल कमी पडतो. म्हणून मजलावार हिशेब करावा: उभ्या सळईचा टक्का नकाशातून घ्यायचा आणि त्यात जोडांसाठी त्याचाच साधारण पाव हिस्सा आणि रिंगांसाठी साधारण 0.6 टक्के मिळवायचे. सळई जाड असेल तर जोडही लांबतो, तेव्हा थोडं जास्तच धरलेलं बरं. आणि ऑर्डर द्यायच्या आधी बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे प्रत्येक सळईची लांबी, संख्या आणि वजन मांडणारा तक्ता, मागून घ्यावं. त्यातल्या कॉलमच्या एकूण किलोंना काँक्रीटच्या घनमीटरने भागायचं, आलेल्या उत्तराला 78.5 ने. नाशिकमधल्या कॉलमसाठी उत्तर नकाशातल्या टक्क्याएवढंच आलं, तर कुणीतरी रिंगा मोजायला विसरलंय.