पाठ्यपुस्तकातली उजळणी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची उजळणी

राज्य मंडळाच्या दहावीला मराठी माध्यमातून बसणाऱ्या अनेक मुलांच्या क्लासच्या नोट्स इंग्रजीत असतात. परीक्षा जवळ आली की ती पाठ्यपुस्तक वाचणे आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे ही एकाच उजळणीची दोन रूपे समजतात, आणि वेळ कमी पडला की त्यांतले एक सोडून देतात. प्रत्यक्षात दोन्हींची कामे वेगळी आहेत.

विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मधला अपवर्तनाचा धडा घेऊ. तारे लुकलुकतात पण ग्रह लुकलुकत नाहीत, याचे कारण विद्यार्थ्याने इंग्रजीतून समजून घेतलेले असते. वातावरणातील हवेचे तापमान आणि घनता सतत बदलत राहिल्याने अपवर्तनांकही बदलत राहतो, आणि तारा फार दूर असल्याने बिंदुस्रोतासारखा असतो, म्हणून त्याची तेजस्विता कमीजास्त होताना दिसते. ग्रह तुलनेने जवळ असल्याने अनेक बिंदुस्रोतांच्या समूहासारखा असतो, त्यामुळे त्याची सरासरी तेजस्विता कायम राहते. हे सारे डोक्यात असूनही मराठीत लिहायला बसल्यावर ‘रिफ्रॅक्शनमुळे प्रकाश हलतो’ एवढेच वाक्य उतरले, तर उणीव समजेची नसून शब्दांची आहे. ती पाठ्यपुस्तकच भरून काढते. जुन्या मार्गदर्शकांत याच संकल्पनेला वक्रीभवन म्हटलेले आढळते; उत्तरात मात्र सध्याच्या पुस्तकातला अपवर्तन हाच शब्द वापरावा. यासाठी संपूर्ण धडा पुन्हा वाचण्याची गरज नाही. नोट्समधील प्रत्येक संज्ञेसमोर पुस्तकातील शब्द आणि पान क्रमांक लिहून ठेवला तरी पुरते.

प्रश्नपत्रिकेकडून हे शब्द मिळत नाहीत. उत्तर किती लांब असावे, ते तिच्यावरून कळते. 40 गुणांच्या या पेपरात शास्त्रीय कारणाला 2 गुण असतात, म्हणजे वरचे उत्तर तीन-चार वाक्यांत बसवायला हवे. म्हणून आधी पुस्तक मिटून उत्तर मराठीत लिहावे आणि मगच ते पुस्तकाशी ताडून पाहावे. छापील उत्तरसंच आधी उघडला, तर तीच वाक्ये पाठ होतात आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की हात थांबतो.

जुन्या प्रश्नपत्रिका निवडतानाही थोडी काळजी घ्यावी लागते. 2018 साली आलेल्या पुस्तकावरची पहिली परीक्षा मार्च 2019 ची होती, त्यामुळे त्याआधीच्या पेपरांतले प्रश्न पुस्तकाशी पडताळूनच घ्यावेत. 2021 मध्ये दहावीची लेखी परीक्षा रद्द झाल्याने त्या वर्षाचा पेपर शोधण्यात वेळ घालवू नये.

गणिती उदाहरणे इंग्रजी नोट्समधून थेट सोडवली तरी चालतात, कारण सूत्रे आणि एककांची चिन्हे तीच असतात. फक्त ‘दिलेले’ आणि शेवटचे उत्तराचे वाक्य मराठीत लिहिण्याचा सराव हवा.