स्वेच्छानिवृत्ती भरपाईची करमाफी आणि अटींची चौकशी

नोकरी मुदतीपूर्वी स्वेच्छेने सोडणाऱ्या कर्मचाऱ्यास ३१ मार्च २०२६ पर्यंत मिळालेली भरपाई आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१०सी) खाली ५ लाख रुपयांपर्यंत आणि आयुष्यात एकदाच करमुक्त ठरते. मात्र मालकाची योजना आयकर नियम २बीए च्या अटींत बसावी लागते. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा पगार यांचा हिशेब वेगळ्या तरतुदींनी होतो, म्हणून ते या रकमेत मिसळू नयेत.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. कामगाराची पुरी सेवा २२ वर्षे, निवृत्तीला ५० महिने शिल्लक, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना ४०,००० रुपये आणि भरपाई १८ लाख रुपये. नियमात दोन मर्यादा आहेत. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला तीन महिन्यांचा पगार धरल्यास २६,४०,००० रुपये होतात आणि उरलेल्या महिन्यांचा पगार धरल्यास २० लाख. भरपाई दोन्हींच्या आत आहे, त्यामुळे ५ लाख वजा जाऊन १३ लाखांवर वेतन म्हणून कर बसतो. या हिशेबात घरभाडे भत्ता धरता येत नाही, आणि पगारपत्रकावरील एकूण आकडा घेणाऱ्यांची चूक नेमकी येथेच होते.

मालकाने फॉर्म १६ मध्ये माफी न दाखवता पूर्ण रकमेवर कर कापला आणि कामगाराने ती विवरणपत्रात मागितली, की तफावत दिसून प्रश्नावली येऊ शकते. दहा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षे वय ही अट नियुक्तीपत्राने सिद्ध होते. परंतु योजनेमुळे एकूण मनुष्यबळ घटले का, रिकामी जागा पुन्हा भरली का, ही माहिती मालकाच्याच दप्तरात असते. त्यासाठी योजनेची प्रत व मालकाचे पत्र जोडावे. मालक पत्र देत नसेल, तर कलम १३३(६) खाली ती माहिती त्याच्याकडून मागवावी, अशी लेखी विनंती अधिकाऱ्याला करावी. हातात नसलेला पुरावा कामगाराकडेच मागत राहणे अन्यायाचे आहे, आणि उत्तरात हे स्पष्ट लिहायला कचरू नये.

खरी अडचण बहुधा एका शब्दाची असते. कार्यमुक्तीच्या पत्रात ‘आपला वैयक्तिक कारणास्तव दिलेला राजीनामा मंजूर’ असे छापील वाक्य असते आणि मग ही साधी नोकरी सोडणूक असल्याचा आक्षेप येतो. अशा वेळी योजनेची सूचना, तिच्या मुदतीत केलेला अर्ज, मंजुरी आणि भरपाईचा तक्ता तारखांच्या क्रमाने लावून राजीनामा योजनेखालीच दिल्याचे दाखवावे. त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत पुन्हा नोकरी धरली असल्यास मात्र ही कागदपत्रे उपयोगी पडत नाहीत, कारण तेथे नियमाची अटच मोडते.

या भरपाईवर माफी घेतल्यास कलम ८९ ची सवलत मिळत नाही, म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वीच दोन्ही हिशेब करून पाहावेत.