बाळाला ऐकवणे आणि बाळाशी बोलणे: तीन महिन्यांच्या वयातील फरक

तीन महिन्यांच्या बाळाशी भरपूर बोलावे, हा सल्ला आईवडिलांना सगळीकडून मिळतो. तो चुकीचा नाही, मात्र त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. हातातले काम करता करता आपण काय करत आहोत ते बाळाला सांगत राहणे ही एक गोष्ट. एखादे वाक्य बोलून थांबणे, बाळाच्या हुंकाराची वाट पाहणे आणि तो आल्यावर त्याला उत्तर देणे ही दुसरी. वरवर पाहता दोन्हींमध्ये मोठे माणूस बोलते आणि बाळ टक लावून पाहते, त्यामुळे दिवसभर पहिली गोष्ट करणाऱ्याला आपण दुसरीही करत आहोत असे सहज वाटते. या लेखात पहिलीला ‘ऐकवणे’ आणि दुसरीला ‘आळीपाळीचे बोलणे’ म्हटले आहे. दोन्हींना खेळणी लागत नाहीत, पण दोन्हींतून बाळाला मिळते ते निरनिराळे असते.

ऐकवण्यातून बाळाला भाषेचा नाद, लय, स्वरांचे चढउतार आणि ओळखीचा आवाज मिळतो. बाळाशी बोलताना मोठ्यांचा आवाज आपोआप थोडा उंच होतो, वेग मंदावतो, स्वर लांबतात आणि वाक्ये तुटक होतात. ही लकब हास्यास्पद वाटली तरी दाबून टाकू नये, कारण सपाट सुरातल्या बोलण्यापेक्षा अशा बोलण्याकडे बाळांचे लक्ष अधिक जाते. शब्द मात्र नेहमीचेच असावेत. सूर लाडिक ठेवण्यासाठी उच्चार बोबडे करण्याची गरज नसते. ऐकवण्याचा मोठा फायदा असा की त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, अंघोळीची तयारी करताना किंवा बाळाला कडेवर घेऊन खोलीतून फिरताना ते होऊन जाते. त्याची मर्यादा अशी की बाळाने काहीही केले किंवा काहीच केले नाही, तरी आपले बोलणे तसेच चालू राहते. आपल्या आवाजाने समोर काही घडते, हे बाळाला त्यातून कळत नाही.

आळीपाळीच्या बोलण्यातून नेमके तेच कळते. साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळ रडण्याखेरीज ‘आऽ’, ‘ऊऽ’, ‘अग्गू’ असे मोकळे, स्वरप्रधान आवाज काढू लागलेले असते, आणि समोरचा चेहरा बोलून थांबला की त्या थांबण्यात आपला आवाज सोडण्याकडे त्याचा कल दिसतो. १९८७ साली कॅथलीन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास इथे फार उपयोगाचा आहे. काही बाळांशी मोठे माणूस त्यांच्या आवाजाला उत्तर म्हणून बोलत असे, तर काहींशी त्यांच्या आवाजाशी संबंध न ठेवता, केव्हाही बोलत असे. ज्यांना आळीपाळीने उत्तर मिळाले, त्या बाळांच्या आवाजांत प्रत्यक्ष बोलण्यासारखे, तोंडातून मोकळेपणाने निघणारे ध्वनी अधिक होते. नुसते घशातले वा नाकातले सूर कमी होते. म्हणजे बाळाच्या कानावर किती बोलणे पडते यासोबत ते केव्हा पडते यानेही फरक पडतो, आणि हा फरक इतक्या लहान वयातही दिसतो.

आपण यांपैकी नेमके काय करत आहोत हे ओळखायला शब्द मोजावे लागत नाहीत, मधली शांतता तपासावी लागते. मोठ्यांच्या गप्पांत एकाचे वाक्य संपते न संपते तोच दुसरा सुरू करतो, आणि तीच सवय बाळासमोरही कायम राहते. बाळाला मात्र उत्तराची जुळवाजुळव करायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे एक छोटे वाक्य बोलून मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत, जमल्यास दहापर्यंत आकडे मोजावेत. ही शांतता सुरुवातीला अवघड वाटते आणि तिसऱ्या आकड्याला तोंड उघडते, पण ज्या घरांत बाळ ‘अजून काहीच बोलत नाही’ असे वाटत असते, तिथे पुष्कळदा त्याला बोलायला जागाच मिळालेली नसते.

त्या शांततेत बाळाकडे नीट पाहिले तर आवाज येण्याआधीची तयारी दिसते. हातपाय हलवणारे बाळ क्षणभर स्थिर होते, डोळे मोठे करते, भुवया उचलते. मग ओठ गोल होतात किंवा जीभ पुढे येते, कधी नुसताच श्वास बाहेर पडतो आणि आवाज त्यानंतर येतो. जीभ हलताना दिसली की पुष्कळ जण कौतुकाने बोलून मोकळे होतात, आणि तोंडाशी आलेला आवाज तिथेच राहतो.

दुपटे बदलण्याची दहा मिनिटे घेतली तर दोन्ही प्रकार एकापाठोपाठ पाहता येतात. बाळ नुकतेच झोपून उठलेले आहे, पोट भरलेले आहे आणि रडत नाही. आई ओले दुपटे सोडते आणि बोलत राहते, ‘आता हे काढू या, आता पाय पुसू या, हा एक पाय, हा दुसरा.’ हे ऐकवणे झाले, आणि हात कामात असताना तेच योग्य आहे. कोरडे दुपटे बांधून झाल्यावर ती बाळाच्या तोंडासमोर सुमारे वीस ते तीस सेंटिमीटरवर चेहरा आणते आणि एकच वाक्य बोलते, ‘झालं का कोरडं?’ मग ती थांबते. बाळ पाय झाडायचे थांबवून तिच्या तोंडाकडे पाहते. चौथ्या-पाचव्या आकड्याला ओठ गोल होतात आणि बारीकसा ‘ऊऽ’ येतो. आई तो ‘ऊऽ’ तसाच परत करते आणि त्याला दोन-तीन शब्द जोडते, ‘ऊऽ? हो का? बरं वाटलं?’ पुन्हा थांबते. या वेळी आवाज येत नाही, फक्त हसू येते. तेही उत्तर समजून ती हसते आणि बोलते. अशा चार-पाच फेऱ्या होतात. मग बाळ मान वळवून भिंतीकडे पाहू लागते.

खरी चूक बहुधा इथे होते. बाळाचे लक्ष उडाले असे समजून मोठे माणूस वाकून पुन्हा त्याच्या नजरेसमोर जाते, चुटक्या वाजवते, आवाज चढवते. वास्तविक नजर वळवणे ही या वयातल्या बाळाची विसावा घेण्याची रीत असते. चेहरा, आवाज आणि नजर एकदम पेलणे त्याला जड जाते, आणि उठून जाता येत नसल्यामुळे ते मान फिरवते. अशा वेळी आपण जागचे हलू नये, बोलणे थांबवावे आणि चेहरा सौम्य ठेवावा. थोड्या वेळाने नजर परत आली तर पुढची फेरी सुरू करावी. जांभई, उचकी, पाठीची कमान करणे, बोटे ताठ फाकवणे किंवा कुरकुर यांपैकी काही दिसू लागले आणि नजर परत येत नसेल, तर त्या वेळचे बोलणे संपले असे समजून बाळाला जवळ घेऊन शांत बसावे. आळीपाळीचे बोलणे सलग फार काळ चालत नाही. दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत ते दिवसातून अनेकदा करणे बाळाला मानवते.

हाच फरक खेळातही आहे. गडद-फिक्या पट्ट्यांचा रुमाल बाळाच्या डोळ्यांसमोर हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे नेणे ही पाहण्याची चांगली मशागत आहे. नजर मागे राहिली तर रुमाल थांबवावा, नजर पोहोचली की पुढे न्यावा. तरी हा खेळ ऐकवण्याच्या जातीचा आहे, कारण सुरुवात आपण करतो. बाळाने सुरुवात करायची असेल तर त्याच्या लाथा वापराव्यात. त्याला उताणे ठेवून आपण गप्प बसावे आणि त्याने पाय झाडला की प्रत्येक वेळी तोच एक आवाज काढावा, उदाहरणार्थ ‘टॉक’. पाय थांबला की आपणही थांबावे. काही वेळाने अनेक बाळे लाथ मारून आपल्याकडे पाहतात, मग पुन्हा लाथ मारतात.

हा खेळ हवेतला नाही. कॅरोलिन रोवी-कोलियर या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या प्रयोगांत बाळाच्या घोट्याला बांधलेली फीत पाळण्यावरच्या फिरत्या झुंबराला जोडली होती. लाथ मारली की झुंबर हलते हे दोन-तीन महिन्यांच्या बाळांना काही मिनिटांतच उमगत असे, आणि तीन महिन्यांच्या बाळांच्या ते सुमारे आठवडाभर लक्षात राहत असे. घरी मात्र बाळाच्या अंगाला फीत किंवा दोरी मुळीच बांधू नये. ती आवळली जाण्याचा धोका खरा आहे, आणि झुंबराचे काम आपला आवाज करतो.

पोटावर पालथे ठेवण्याच्या वेळेतही चेहरा समोर ठेवता येतो. मोठ्या माणसाने मागे रेलून बाळाला आपल्या छातीवर पालथे घेतले, तर मान उचलण्याचा सराव आणि दोन-तीन फेऱ्यांचे बोलणे एकत्र साधते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार, अजून रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. हे तुकड्यातुकड्यांनी आणि बाळावर नजर ठेवूनच करावे. झोपवताना ते उताणेच असावे. त्याच मार्गदर्शनात एक वर्षाखालील बाळासाठी पडद्यासमोरचा वेळ नको असे म्हटले आहे. चालू असलेला टीव्ही किंवा मोबाइल बाळाला भाषा ऐकवतो असे वाटते, पण बाळाच्या ‘ऊऽ’साठी तो थांबत नाही, आणि तो चालू असताना घरातले लोकही कमी बोलतात.

दोन्हींत निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. बाळ पेंगुळलेले किंवा भुकेले असेल, तर फेऱ्यांचा आग्रह धरू नये. हळू आवाजातले ऐकवणे किंवा गुणगुणणे पुरे. पोट भरलेले, हात सैल, डोळे टवटवीत आणि नजर आपल्याला शोधणारी असेल, तेव्हा तोंडाने कमी बोलून वाट पाहावी. रोजचे एखादे गाणे दोन्हींच्या मधले आहे: तेच गाणे रोज म्हणून दर वेळी एकाच ठिकाणी थांबले, तर काही दिवसांनी बाळ त्या जागी हातपाय हलवू लागते.

वाट पाहूनही उत्तर येत नसेल, तर काही खुणा वेगळ्या समजाव्यात. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नाही वा कोणताच प्रतिसाद देत नाही, तीन महिने पूर्ण होऊनही चेहऱ्याकडे पाहून हसत नाही, किंवा चार महिने होऊनही आपण बोलल्यावर काही आवाज काढत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जन्मानंतरची श्रवण तपासणी झाली होती की नाही हेही सांगावे. मूल वेळेआधी जन्मलेले असेल, तर हे महिने जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. दोन महिने आधी जन्मलेले तीन महिन्यांचे बाळ या हिशोबाने एक महिन्याचे ठरते, आणि त्याच्याकडून अजून ‘अग्गू’ची अपेक्षा करण्याचे कारण नसते. ऐकू येण्याची शंका असेल, तर मात्र हा हिशोब करत न बसता लगेच तपासून घ्यावे.