त्रिशंकू कंपॅरेटर आणि पडद्यावरचे चमकते ठिपके

पडदाभर एकसारखा राखाडी रंग आहे आणि मधूनच कुठेतरी एक पांढराशुभ्र ठिपका चमकून जातो. फ्लॅश कन्व्हर्टरने व्हिडिओ सिग्नलचे आकडे केले की असे ठिपके दिसत, म्हणून या चुकार आकड्यांना ‘स्पार्कल कोड’ म्हणतात. नेहमीचा नॉइज आकड्याला एखाद-दोन घरं इकडेतिकडे सरकवतो. इथे मात्र १२७ यायला हवा तिथे थेट २५५ येतो.

आठ बिटांच्या फ्लॅश कन्व्हर्टरमध्ये २५५ कंपॅरेटर असतात. रेझिस्टरच्या शिडीवरून प्रत्येकाला एकेक पायरी वरचं व्होल्टेज मिळतं आणि सगळे एकाच वेळी सिग्नलची आपापल्या पायरीशी तुलना करतात. सिग्नलच्या खालचे सगळे १ म्हणतात, वरचे सगळे ०. १ म्हणणाऱ्यांची हद्द जिथे संपते, तिथली ओळ निवडायची आणि त्या ओळीचा बायनरी आकडा बाहेर काढायचा, इतकं साधं काम.

आता सिग्नल १२८ व्या पायरीच्या अगदी काठावर आला, असं धरू. कंपॅरेटरच्या पोटातला लॅच इवलासा फरक स्वतःलाच पुन्हा पुन्हा भरवून मोठा करतो, पण त्याला वेळ लागतो. फरकच नगण्य असेल तर क्लॉकचा ठोका पडेपर्यंत लॅच त्रिशंकूसारखा लटकलेला राहतो, धड १ नाही, धड ० नाही. हीच मेटास्टेबिलिटी.

नुसतं लटकणं तसं निरुपद्रवी आहे. खरी गोम अशी, की हे अर्धवट व्होल्टेज ओळ निवडणारी दोन गेट वाचतात. एक त्याला ० समजून १२७ ची ओळ उघडतं, तर दुसरं १ समजून १२८ ची. ०१११११११ आणि १००००००० एकमेकांवर पडतात आणि बाहेर येतात आठच्या आठ एक, म्हणजे २५५. दोन्ही गेटांनी उलटं वाचलं तर एकही ओळ उघडत नाही आणि बाहेर ० येतो, म्हणजे काळा ठिपका.

हे कितीदा घडेल? समजा, कन्व्हर्टर सेकंदाला १०० कोटी नमुने घेतो, म्हणजे एका नमुन्याला एक नॅनोसेकंद, आणि त्यातले निम्मे, ५०० पिकोसेकंद, लॅचला निर्णयासाठी मिळतात. फरक दर २५ पिकोसेकंदांना २.७१८ पट होतो असं धरलं, तर तेवढ्या वेळात तो सुमारे ४८ कोटी पट होईल. अर्ध्या व्होल्टपर्यंत पोचायचं तर सुरुवातीला निदान एक नॅनोव्होल्टचा फरक हवा. पायरी साधारण ४ मिलिव्होल्टची. तिच्यात दोन्ही बाजूंचा मिळून दोन नॅनोव्होल्टचा पट्टा धोक्याचा, म्हणजे वीस लाखांत एक नमुना. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सेकंदाला ५०० वेळा! त्यातले सगळेच डोळ्यांत भरत नाहीत. २ आणि ३ च्या सीमेवर दोन्ही ओळी उघडल्या तरी ३ च येतो. (नॉइज लॅचला ढकलून सोडवेल, ही आशाही फोल. तो जितक्यांना पट्ट्याबाहेर काढतो, साधारण तितक्यांनाच आत आणतो.)

उपाय म्हणजे आणखी वेळ देणं. मागे लॅचची दुसरी फळी लावली आणि तिनेही तेवढंच वाढवलं, तर चूक पुन्हा ४८ कोटी पटीने विरळ होते, म्हणजे सुमारे अकरा दिवसांत एकदा. तिसरी फळी लावली तर दीड कोटी वर्षांत एकदा. शून्य कधीच होत नाही. शिवाय प्रत्येक फळीत २५५ लॅच, त्यांना क्लॉक पुरवायची वीज, आणि उत्तरही तेवढं उशिरा.

म्हणून ग्रे कोड मला जास्त हुशारीचा वाटतो. त्यात शेजारच्या दोन आकड्यांत एकच बिट बदलतं: १२७ म्हणजे ०१०००००० आणि १२८ म्हणजे ११००००००. पहिलं बिट एकटा १२८ वा कंपॅरेटर ठरवतो. तो कुठेही कलला तरी उत्तर १२७ किंवा १२८, आणि सिग्नल काठावरच असल्यामुळे दोन्ही बरोबर. लटकणं थांबत नाही, ते निरुपद्रवी होतं. सावधगिरी एवढीच, की ग्रेचं बायनरी करताना ते बिट पुन्हा अनेक गेट वाचतात, तेव्हा त्याआधीच ते स्थिरावायला हवं. पण आता जादा लॅच २५५ तारांवर लावावे लागत नाहीत, आठवर भागतं.

ठिपके दिसले की दोषी लटकलेला लॅचच आहे, हे कसं ओळखायचं? इतकी संथ साइन लाट द्यायची की लागोपाठच्या दोन नमुन्यांत एका पायरीहून जास्त फरक पडणारच नाही. वरच्या कन्व्हर्टरला पूर्ण उंचीची लाट दिली तर साधारण १.२ मेगाहर्ट्झपर्यंत हे जमतं. मग नॉइजला जागा सोडून, चार पायऱ्यांहून मोठ्या उड्या मोजायच्या. त्यानंतर क्लॉक फक्त दहा टक्के हळू करायचं. लॅचला ५५ पिकोसेकंद जास्त मिळतात, आणि दोष मेटास्टेबिलिटीचा असेल तर उड्या एकदम नऊ पटींनी घटतात. तेवढ्याच राहिल्या तर बिघाड दुसरीकडे शोधायचा.