गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे आणि ‘घर्षण’ या शब्दाचा इतिहास : पार्श्वभूमी

रत्नागिरीतून भाट्ये पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात चढ सुरू होतो आणि वर सडा, म्हणजे कातळाचे पठार, लागतो. हाफ मॅरेथॉनचा सराव करणारे अनेक जण पहाटे या रस्त्याने वर जातात आणि उजाडेपर्यंत समुद्राकडे उतरतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला उठणारी, एका बोटाने दाखवता येईल अशी कळ चढावर सहसा जाणवत नाही. ती परतीच्या उतारावर येते. चालू लागले की थांबते, पुन्हा धावू लागले की काही मिनिटांत परत येते आणि घरी पोहोचल्यावर जिना उतरताना आपली आठवण करून देते. आयटी बँड म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूने खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जाणारा जाड पट्टा. त्याचे हे दुखणे धावणाऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे. मात्र त्यावर आज जे उपाय सांगितले जातात, त्यांतले निम्मे एका जुन्या शब्दातून आलेले आहेत आणि तो शब्द आता टिकत नाही, हे तितकेसे परिचयाचे नाही.

हा पट्टा शरीरविच्छेदन करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. १९३० च्या दशकात तो ‘आखडला’ आहे का हे पाहण्यासाठी कुशीवर झोपवून पाय मागे नेण्याची एक चाचणी रूढ झाली; पण तेव्हा प्रश्न कंबरदुखीचा आणि सायटिकाचा होता, गुडघ्याचा नव्हता. गुडघ्याच्या या दुखण्याला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९७५ मध्ये. कठोर सराव करणाऱ्या अमेरिकी मरीन सैनिकांमध्ये आढळलेल्या तक्रारींचे वर्णन तेव्हा प्रसिद्ध झाले आणि त्याच्या शीर्षकातच ‘घर्षण’ हा शब्द होता. कल्पना सोपी आणि डोळ्यांसमोर लगेच उभी राहणारी होती. गुडघा सरळ असताना पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यापुढे असतो, गुडघा वाकला की तो उंचवट्यावरून मागे सरकतो, आणि हजारो वेळा असे झाले की दोरी दगडावर घासावी तसा तो घासून सुजतो, अशी ती मांडणी होती.

पुढची तीस वर्षे उपचार या चित्राबरहुकूम ठरले. घासते म्हणजे पट्टा घट्ट आहे. घट्ट आहे म्हणजे ताणून लांब केला पाहिजे. उभे राहून पाय आडवे टाकण्याचे ताण त्यातून आले, पुढे मांडीच्या बाजूला फोम रोलर फिरवणे आले, आणि जिथे दुखणे हटेना तिथे उंचवट्यावरच्या पट्ट्याचा मागचा थोडा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रियाही आली. या काळात हाती लागलेली एक गोष्ट मात्र अजून उपयोगी आहे. दुखण्याचा क्षण गुडघा सुमारे ३० अंश वाकलेला असताना, म्हणजे पाऊल टेकल्यानंतर लगेच येतो. रुग्णाचा गुडघा वाकवून उंचवट्यावर अंगठ्याने दाब द्यायचा आणि पाय हळूहळू सरळ करायचा, तर सुमारे त्याच कोनात ओळखीची कळ येते. ही चाचणी आजही केली जाते.

घर्षणाचे चित्र २००६ मध्ये मोडले. मृतदेहांचे विच्छेदन आणि जिवंत माणसांचे एमआरआय यांच्या आधारे दाखवले गेले की हा पट्टा सुटी दोरी नाहीच. तो मांडीभोवतीच्या आवरणाचा जाड झालेला भाग आहे आणि उंचवट्याजवळ तंतूंनी हाडाला बांधलेला आहे. बांधलेली वस्तू हाडावरून पुढे-मागे घसरू शकत नाही. बाहेरून सरकल्यासारखे दिसते ते ताण पट्ट्याच्या पुढच्या तंतूंवरून मागच्या तंतूंवर जात असल्यामुळे. पट्टा आणि हाड यांच्यामध्ये घासून सुजणारी पिशवी असते असे मानले जाई. तिथे प्रत्यक्षात आढळला तो चरबीचा थर, आणि त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू भरपूर होते. गुडघा ३० अंशांच्या आसपास असताना पट्टा आत दाबला जातो आणि हा संवेदनशील थर हाडावर चेपला जातो. म्हणजे प्रश्न घासण्याचा नाही, चेपण्याचा आहे.

घासण्याऐवजी चेपणे म्हटले तर उपचारात काय बदलते, असे कोणी विचारील. बरेच बदलते. चेपलेल्या जागेवर रोलरने पुन्हा दाब देणे हा उपाय ठरत नाही. गुडघ्याच्या अगदी वर रोलर घालून दात-ओठ खाणारे धावपटू मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे दुखणे त्यामुळे लांबले असे माझे मत आहे. ताणण्याबाबत पुढच्या मोजमापांनी आणखी स्पष्टता आणली. मृतदेहांतील पट्ट्यावर मापक बसवून नेहमीचे ताण दिले, तेव्हा त्याची लांबी अर्ध्या टक्क्यानेही वाढली नाही. ताण दिल्यावर बरे वाटते ते पट्टा लांब झाल्यामुळे नव्हे. खुब्याजवळचे जे स्नायू या पट्ट्याला ओढून धरतात ते सैल पडत असावेत. त्या जुन्या, कुशीवरच्या चाचणीचीही अशीच उलटतपासणी झाली. पट्टा कापल्यावरही पाय अडलेलाच राहिला आणि खुब्याचे खोल स्नायू व सांध्याचे आवरण कापल्यावर तो सुटला. तरीही ‘तुमचा आयटी बँड टाइट आहे’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते, आणि ऐकणारा माणूस जे लांब होऊच शकत नाही ते लांब करण्यात महिने घालवतो.

लक्ष खुब्याकडे गेले ते साधारण २००० पासून. दुखणाऱ्या बाजूला मांडी बाहेर उचलणारे स्नायू कमकुवत आढळले आणि सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर बहुतेक धावपटू पुन्हा धावू लागले, असे तेव्हा नोंदवले गेले. पुढचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत. हा कमकुवतपणा दुखण्याचे कारण की परिणाम, हे ठरलेले नाही. त्या मानाने धावण्याच्या ढबीबद्दलची माहिती मला अधिक कामाची वाटते. पाऊल शरीराच्या मध्यरेषेच्या जवळ किंवा तिच्याही पलीकडे पडले की पट्ट्यावरचा ताण वाढतो. दोन पावलांतले आडवे अंतर थोडे वाढवले की तो कमी होतो. त्याच वेगाने पण अधिक, छोटी पावले टाकली की मांडी आत झुकण्याचे प्रमाण घटते. उताराचे गणित त्या ३० अंशांतच आहे. उतरताना पाऊल टेकते तेव्हा गुडघा कमी वाकलेला असतो, त्यामुळे तो त्या कोनात जास्त वेळ राहतो. वेगाने धावताना पाऊल टेकतेवेळी गुडघा आधीच जास्त वाकलेला असतो. म्हणूनच सपाटीवरची छोटी, जलद धाव अनेकदा सोसते आणि संथ लांब धाव सोसत नाही, हे ऐकायला उलटे वाटले तरी.

किनारपट्टीवर यात आणखी एक भर पडते, ती रस्त्याच्या आडव्या उताराची. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने धावतो, आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजवा पायच खालच्या बाजूला पडतो. ओहोटीच्या घट्ट वाळूवरही उतार असतो, पण तिथे परत फिरताना समुद्र दुसऱ्या हाताला येतो आणि खालचा पाय बदलतो.

गेल्या हिवाळ्यातले एक उदाहरण तपशिलाने सांगतो. आमच्याबरोबर धावणाऱ्या, चाळिशीतल्या एका शिक्षिका आठवड्यात तीन दिवस सहा किलोमीटर आणि रविवारी बारा धावत असत. दोन आठवड्यांत त्यांनी रविवारचे अंतर अठरावर नेले आणि त्यासाठी सड्याचा रस्ता धरला. तिसऱ्या रविवारी उतारावर उजव्या गुडघ्याच्या बाहेर कळ आली. त्यानंतर सपाटीवरही ती नेमकी साडेचार किलोमीटरला येऊ लागली. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता, रात्री दुखत नव्हता. यातले काहीही असते तर कूर्चेची इजा किंवा हाडाला गेलेली बारीक चीर यांचा विचार करून आधी हाडांच्या डॉक्टरांकडेच जायला हवे होते.

त्यांचा वेग किलोमीटरला सात मिनिटे होता आणि घड्याळ मिनिटाला १६२ पावले दाखवत होते. म्हणजे साडेचार किलोमीटरपर्यंत त्यांचा उजवा पाय सुमारे २५५० वेळा टेकत होता, आणि तिथे तो थर सहन करण्याची मर्यादा संपत होती. पूर्ण विश्रांती त्यांनी चार दिवसच घेतली. महिनाभर थांबून पुन्हा जुन्याच अंतराने सुरुवात करणाऱ्यांना कळ बहुधा त्याच ठिकाणी भेटते, म्हणून मर्यादेच्या आत राहून धावणे चालू ठेवायचे असे ठरले. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड तीन किलोमीटर, तेही मैदानाच्या सपाटीवर आणि दर फेरीला दिशा बदलून. उतार पूर्ण बंद. मोबाइलवर १७० चा ठोका लावला. त्याच वेगाला त्यामुळे पाऊल जेमतेम चार सेंटिमीटरने आखूड झाले. मैदानावर आखलेल्या पांढऱ्या पट्टीवरून धावताना त्यांची दोन्ही पावले पट्टीवरच पडत होती. ती पट्टीच्या दोन बाजूंना पडतील एवढेच लक्ष ठेवायला सांगितले. आठवड्यातून तीन दिवस कुशीवर झोपून पाय उचलणे आणि पायरीवरून एका पायावर सावकाश खाली येणे, हे दोनच व्यायाम केले. पायरी उतरताना गुडघा आत झुकू न देणे महत्त्वाचे होते, आणि पहिल्या आठवड्यात तो आरशात स्पष्ट आत झुकताना दिसत होता.

कळ दहापैकी दोनच्या वर गेली तर त्याच ठिकाणी थांबून चालत परतायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखले तर पुढची धाव वाढवायची नाही, हे दोन निकष होते. तिसऱ्या आठवड्यात चार, चौथ्यात पाच किलोमीटर झाले. पाचव्यात साडेसहा केल्यावर जिन्यावर कळ जाणवली, म्हणून त्या पुन्हा पाचवर आल्या आणि आठवडाभर तिथेच राहिल्या. सातव्यात सहा किलोमीटर कळ न येता झाले. आठव्या आठवड्यात उताराचे पहिले पाचशे मीटर धावून बाकीचा उतार त्या चालत उतरल्या. रविवारचे बारा किलोमीटर परत यायला अकरावा आठवडा उजाडला. हाफ मॅरेथॉनची तारीख तोवर निघून गेली होती. सड्याच्या रस्त्याने त्या आता पुन्हा जातात. मात्र वर धावत आणि खाली, निदान या मोसमात, अर्धे अंतर चालत.